दूध, हरभरे आणि पहाटेची धाव

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत धाड लागतं. पलीकडे भोकरदनचा, म्हणजे जालना जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो. या भागातल्या गावागावांतून पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे अंधारात रस्त्यावर उतरतात. त्यांच्या बोलीत याला 'ग्राउंड मारणं' म्हणतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. या धावेला २० गुण असतात. राज्य राखीव पोलीस दलासाठी तर सलग ५ किलोमीटरची धाव असते. एकेका सेकंदावर गुण ठरत असल्यामुळे बूट, पायांचे व्यायाम, स्टॉपवॉच यांवर तासन्‌तास बोललं जातं. एका गोष्टीबद्दल मात्र मुलं फारशी बोलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला पोटात मुरडा येतो, घाम फुटतो आणि रस्ता सोडून शेतात पळावं लागतं.

ही तक्रार नवशिक्यांचीच आहे असं नाही. २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला शेवटच्या टप्प्यात पोटाच्या कळांमुळे सगळ्यांसमोर रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं होतं. तरीही तिने ती शर्यत २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत जिंकली. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या वेगवेगळ्या पाहण्यांत पोटाची काही ना काही तक्रार सांगणाऱ्यांचं प्रमाण ३० पासून ९० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. शर्यत जितकी लांब आणि हवा जितकी गरम, तितकं हे प्रमाण वाढतं. त्यामुळे धावताना पोट बिघडणं म्हणजे शरीर कमकुवत असणं नव्हे. त्यामागे शरीराचा एक ठरावीक व्यवहार आहे आणि तो समजला की जेवणात कुठे बदल करायचा हेही कळतं.

माणूस निवांत बसलेला असतो तेव्हा हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत यांच्याकडे जातो. मिनिटाला साधारण सव्वा ते दीड लिटर. धाव सुरू झाली की मांड्या आणि पोटऱ्या रक्त मागू लागतात. अंग तापलं की ते थंड करण्यासाठी कातडीलाही रक्त हवं असतं. एकाच विहिरीवरचं पाणी एका वाफ्याकडे वळवलं की दुसरा वाफा कोरडा राहतो, तसंच इथे होतं. जोरात आणि बराच वेळ धावल्यावर आतड्यांकडे जाणारं रक्त ८० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं प्रयोगांत मोजलं गेलं आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना तासभर जोरात सायकल चालवायला लावून त्यांचं रक्त तपासलं. लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशींना इजा झाली की जे प्रथिन रक्तात उतरतं, ते त्या तासाभरात वाढलेलं दिसलं. विश्रांतीनंतर ते पुन्हा खाली आलं. म्हणजे ही इजा बहुतेक वेळा तात्पुरती असते. पण ती होत असताना आतड्यात पचायला जड असं काही पडून असेल, तर ते नीट शोषलं जात नाही.

दुसरी गोष्ट मज्जासंस्थेची. जोराच्या श्रमात आणि धास्तीतही शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत जातं. जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि मोठं आतडं मात्र चाळवतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी वारंवार संडासला जावं लागतं, त्याचं कारण हेच. तिसरी गोष्ट हादऱ्यांची. सायकल चालवणाऱ्यांपेक्षा धावणाऱ्यांना पोटाच्या खालच्या भागाच्या तक्रारी जास्त होतात, कारण प्रत्येक पावलागणिक आतडी हलतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे रिकार्डो कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि रक्तपुरवठा व मज्जासंस्था हे दोन मुख्य मार्ग मांडले. श्रमाची तीव्रता, वेळ आणि उष्णता वाढली की दोन्ही मार्गांनी त्रास वाढतो, हा त्याचा गाभा.

पोट दुखतं म्हणजे नेमकं कुठे, हे आधी पाहायला हवं. बरगडीखाली, बहुधा उजव्या कुशीत, सुई टोचल्यासारखी कळ येत असेल आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत जात असेल, तर ती कुशीतली चमक. पोटाच्या आतून अस्तरासारखा जो पातळ पडदा असतो, तो चिडल्यामुळे ती येत असावी असं सध्या मानलं जातं. धावेच्या थोडं आधी भरपूर पाणी किंवा खूप गोड पेय पिणं हे तिचं नेहमीचं निमित्त. वेग कमी करून किंचित पुढे वाकलं, दुखऱ्या जागी हाताने दाबलं आणि लांब श्वास सोडला की ती उतरते. छातीखाली जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, उलटी हा वरच्या पोटाचा त्रास. १६०० मीटरसारख्या छोट्या पण जीव तोडून धावायच्या अंतरात हा जास्त दिसतो, कारण जठरातलं अन्न खाली सरकलेलंच नसतं. बेंबीखाली मुरडा, गुबारा, घाईची संडास आणि जुलाब हा खालच्या पोटाचा त्रास. तो बहुधा २०-३० मिनिटांनंतर, लांबच्या सरावात सुरू होतो. इथे मुख्य विचार या तिसऱ्या तक्रारीचाच आहे, कारण भरतीच्या मुलांच्या खाण्याशी तिचा थेट संबंध आहे.

भरतीची तयारी म्हटलं की खाण्याचा एक ठरलेला साचा असतो. रात्री भिजत घातलेले हरभरे, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, दोन केळी आणि ग्लासभर म्हशीचं दूध. ही शिदोरी तालमीतून आली आहे. ती पौष्टिकच आहे आणि कमी खर्चात प्रथिनं मिळवण्याचा गावाकडचा तो उत्तम मार्ग आहे. अडचण पदार्थांची नाही, ते पोटात जाण्याच्या वेळेची आहे.

एक नमुना घेऊ. तो एका मुलाचा नाही, अनेकांच्या दिनक्रमातून जुळवलेला आहे. धाडजवळच्या गावातला वीस वर्षांचा मुलगा, वजन ६० किलो. रात्री साडेनऊला जेवण: तीन ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. पहाटे साडेचारला उठून तो कच्चे भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे खातो, दोन केळी घेतो, वर ३०० मिलीलिटर दूध पितो आणि जाता जाता चहा घेतो. सव्वापाचला ८ किलोमीटरच्या धावेला लागतो. चौथ्या किलोमीटरला पोट गुरगुरतं, पाचव्याला मुरडा येतो. आठवड्यातले तीन-चार दिवस असेच जातात. रविवारी तो धावत नाही आणि त्या दिवशी पोटाची काहीही तक्रार नसते.

हा शेवटचा तपशील सगळ्यांत महत्त्वाचा आहे. खाणं तेच, पाणी तेच, पण न धावण्याच्या दिवशी पोट शांत. म्हणजे दूषित पाण्याचा किंवा जंतांचा संशय मागे पडतो आणि धाव व तिच्या आधीचं खाणं यांच्याकडे बोट जातं.

आता ताटातला एकेक पदार्थ पाहू. हरभऱ्यात आणि इतर कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. वाटेत त्या आपल्याकडे पाणीही ओढून घेतात. एरवी थोडा गुबारा धरतो, एवढंच. पण धावताना रक्तपुरवठा घटलेला, आतडं हादरतंय आणि मज्जासंस्था त्याला ढकलतेय अशा वेळी तेच पाणी आणि तोच वायू जुलाबाचं रूप घेतात. भिजवलेलं पाणी फेकून दिलं, मोड आणले आणि नंतर कडधान्य उकडलं की या साखरा प्रत्येक पायरीवर कमी होतात. कच्चे हरभरे चावून खाण्यात ताकद जास्त मिळते, ही समजूत खरी नाही. उकडलेल्या कडधान्यातली प्रथिनं उलट जास्त चांगली पचतात, कारण कच्च्या डाळवर्गीय दाण्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्यं असतात आणि उष्णतेने त्यांचा जोर मोडतो.

दुधाची गोष्ट वेगळी. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं पाचकद्रव्य लहानपणी भरपूर असतं. मोठेपणी अनेक भारतीयांमध्ये ते कमी होतं. ३०० मिलीलिटर दुधात साधारण १५ ग्रॅम लॅक्टोज असतं. ज्यांच्यात हे पाचकद्रव्य कमी आहे, त्यांतल्याही बहुतेकांना जेवणासोबत, निवांत बसून १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज सोसतं. रिकाम्या पोटी एका दमात घेऊन पाऊण तासात धावायला लागलं की तेच सोसत नाही. त्यात म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ते जठरातून सावकाश उतरतं. शेंगदाण्यातलं तेलही तेच करतं. म्हणजे या मुलाच्या पोटात वर तेल-तुपाने रेंगाळलेलं अन्न आणि खाली आंबणाऱ्या साखरा, असा दोन्हीकडून ताण येतो.

रात्रीचं जेवणही यातून सुटत नाही. ज्वारीची भाकरी उत्तम, पण तिच्यात चोथा भरपूर. तुरीच्या वरणात हरभऱ्यासारख्याच साखरा थोड्या कमी प्रमाणात असतात. कच्च्या कांद्यात फ्रुक्टन नावाची, न पचणाऱ्या साखरांचीच जात असते. साडेनऊला जेवून सव्वापाचला धावलं की हा सगळा माल मोठ्या आतड्याच्या वाटेवर किंवा तिथे पोहोचलेला असतो. ठेच्यातला तिखटपणा आतड्याच्या आतल्या वेदना जाणवणाऱ्या टोकांना चेतवतो. सवय नसलेल्याला तो लवकर भोवतो, सवय असलेल्यालाही धावेच्या आदल्या रात्री जास्त झाला तर भोवू शकतो.

राहिला चहा. पोटात काहीही गेलं, विशेषतः सकाळी गरम काही गेलं, की मोठं आतडं जागं होतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्यात भर घालतं. ही प्रतिक्रिया शत्रू नाही, तिचा उपयोग करून घेता येतो. चहा पिऊन लगेच निघालं तर ती दुसऱ्या किलोमीटरला गाठते. चहा पाऊण तास आधी घेतला तर ती घरीच उरकते.

या मुलाने काय बदलावं? सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. म्हणून तीन आठवडे घ्यावेत आणि एक साधी वही ठेवावी. तिच्यात काल रात्री किती वाजता काय खाल्लं, सकाळी काय घेतलं, किती किलोमीटर धावलं, त्रास कितव्या किलोमीटरला आणि दहापैकी किती, एवढंच लिहावं.

पहिल्या आठवड्यात फक्त वेळा बदलायच्या. रात्रीचं जेवण आठपर्यंत. पहाटे हरभरे, शेंगदाणे आणि दूध पूर्ण बंद. ते टाकून द्यायचे नाहीत, धावून आल्यावर सातनंतर घ्यायचे आणि हरभरे उकडून. धावेनंतर अर्धा-पाऊण तास शांत बसलं की आतड्यांकडे रक्त परतलेलं असतं, भूकही लागलेली असते आणि स्नायूंना प्रथिनांची गरजही तेव्हाच असते. पहाटे उठल्याबरोबर एक कप पाणी आणि अर्धा कप बिनदुधाचा चहा. त्यानंतर पाऊण तास घरीच. पहिली दहा मिनिटं चालणं आणि अगदी हळू धावणं घराच्या आसपास फेऱ्या मारत करावं. आतडं चाळवायचंच असेल तर ते तेव्हाच चाळवतं आणि परत यायला वाट जवळ असते. सरळ चार किलोमीटर लांब जाऊन परतण्याऐवजी दोन किलोमीटरच्या चार फेऱ्या बऱ्या, याचंही कारण तेच.

पहाटे काहीच न खाता ८ किलोमीटर कसे निघतील, अशी धास्ती मुलांना असते. तासाभराच्या आतल्या धावेला लागणारी साखर स्नायूंत आधीच साठलेली असते. रात्री नीट जेवलेल्या माणसाला सकाळी पाणी पुरतं. अगदीच पोकळ वाटत असेल तर धावेच्या तासभर आधी एक पिकलेलं केळ, किंवा मूठ-दोन मूठ मुरमुरे आणि गुळाचा लहान खडा पुरेसा होतो. यात चोथा, तेल आणि प्रथिनं कमी असल्यामुळे ते जठरातून लवकर उतरतं.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीचं ताट हलकं करून पाहायचं. भाकरी एक आणि तिच्याजोडीला भात, तुरीऐवजी मुगाच्या डाळीचं वरण, कच्चा कांदा आणि ठेचा दुपारच्या जेवणात. दुपारची धाव असेल तर हिशोब बदलतो. पाचला ग्राउंडवर जायचं असेल तर भाकरी-भाजीचं पूर्ण जेवण एक-दीडपर्यंत, म्हणजे साडेतीन-चार तास आधी उरकावं. साडेतीनच्या सुमारास काही घ्यायचंच झालं तर वरच्यासारखं थोडं आणि कोरडं. वाटेत वडा किंवा भजी घेतली की तेल पोटात तसंच राहतं. शेगावची कचोरीही धावेनंतरच खावी.

तिसऱ्या आठवड्यात एकेक पदार्थ परत आणायचा. आधी रात्रीची भाकरी, दोन-तीन दिवसांनी तुरीचं वरण, मग कांदा. ज्या दिवशी त्रास परतेल त्या दिवशी वहीत कारण सापडतं. अनेकांचा त्रास पहिल्या आठवड्यातच उतरतो आणि मग रात्रीच्या ताटाला हात लावायची गरजही पडत नाही. दूध सकाळी बंद केल्यावर त्रास गेला पण धावेनंतर घेतल्यावरही गुबारा धरत असेल, तर दुधाऐवजी दही किंवा ताक घ्यावं. विरजणातल्या जिवाणूंनी त्यातलं बरंच लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं.

न पचणाऱ्या साखरा कमी करण्याची ही पद्धत मोनॅश विद्यापीठातच आतड्याच्या रुग्णांसाठी तयार झाली आणि पुढे धावपटूंवर तपासली गेली. ती कायमची पाळायची नसते. कडधान्यं, कांदा, लसूण आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य आहेत आणि शाकाहारी घरातल्या प्रथिनांचा मोठा भाग कडधान्यांतूनच येतो. म्हणून त्यांना ताटातून हाकलायचं नाही. धावेच्या आधीच्या काही तासांतून बाजूला करायचं, इतकंच.

पेयांबाबत एक चूक फार होते. थकवा येऊ नये म्हणून मुलं ग्लुकोज पावडरीचा १०० ग्रॅमचा पुडा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. हे २० टक्क्यांचं पाणी झालं. इतकं दाट पाणी जठरातून सावकाश उतरतं आणि लहान आतड्यात गेल्यावर शरीरातलं पाणी उलट आत ओढतं. मळमळ, कुशीतली चमक आणि जुलाब तिन्हींना हे निमित्त पुरतं. लांब धावेत साखरेचं पाणी घ्यायचंच असेल तर अर्ध्या लिटरला ३० ते ४० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ पुरे, तेही घोटघोट. ५ किंवा ८ किलोमीटरला त्याची गरज नसते. पाण्याची कमतरता मात्र राहू देऊ नये. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी घटलं की रक्त आणखी कमी पडतं आणि आतड्यांची उपासमार वाढते. धावेआधी आणि नंतर वजन करून पाहिलं तर अंदाज येतो. ६० किलोच्या मुलाचं वजन सव्वा किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर तो पाण्यात मागे पडतो आहे. एप्रिल-मेमध्ये हीच धाव पहाटे पाचऐवजी सकाळी आठला घेतली तर जेवण अचूक असूनही पोट बिघडू शकतं.

नडगी किंवा गुडघा दुखतो म्हणून धावेआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही अनेकांना असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या आतड्याच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. मास्ट्रिक्टच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं की आयबुप्रोफेन घेऊन तासभर सायकल चालवल्यावर आतड्याची इजा नुसत्या सायकलिंगपेक्षा जास्त होते. नडगी दुखत असेल तर अंतर कमी करणं हा उपाय आहे. गोळी पोटाच्या खर्चाने दुखणं लपवते. 'शुगर फ्री' प्रोटीन बार आणि च्युइंगममधल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉल या गोडव्यांनीही जुलाब होतात, आणि स्वस्त व्हे पावडरीत लॅक्टोज बरंच असतं. पावडर सुरू केल्याच्या आठवड्यात त्रास सुरू झाला असेल तर वहीत ते उमटतं.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भाशय आकुंचित करणारी द्रव्यं आतड्यालाही चाळवतात, त्यामुळे एरवी सोसणारं जेवणही त्या दिवसांत सोसत नाही. जोराचा सराव पुढे ढकलता आला तर उत्तम, नाही तर आदल्या रात्रीपासून ताट हलकं ठेवावं. दुसरी गोष्ट रस्त्याची. वाटेत संडासची सोय नसते म्हणून अनेक मुली सकाळी पाणीच पीत नाहीत. त्यातून पाण्याची कमतरता होते आणि ज्या त्रासाची भीती, तोच वाढतो. धावेच्या दोन तास आधी एक-दीड ग्लास पाणी पिऊन लघवीला जाऊन आलं, की निघताना मूत्राशय रिकामं आणि शरीरात पाणी पुरेसं, असं दोन्ही साधतं. तेवढ्या लवकर उठणं जमत नसेल तर रात्री झोपण्याआधी एक ग्लास आणि उठल्यावर अर्धा ग्लास असं करावं.

प्रत्यक्ष भरतीचा दिवस हा सरावापेक्षा वेगळा प्रकार आहे. उमेदवार आदल्या दिवशीच जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतात. रात्र एसटी स्टँडवर किंवा मैदानाबाहेर जाते, पहाटे रांग लागते आणि आपला नंबर सहाला येईल की अकराला, हे माहीत नसतं. त्यात धास्तीने आतडं आधीच चाळवलेलं. अशा दिवसासाठी नियम एकच, सरावात न खाल्लेलं काहीही खायचं नाही. आदल्या दुपारपासून चोथा आणि तिखट कमी करावं: पोळी, दहीभात, मुगाची खिचडी. कोबी, कडधान्य, कच्चा कांदा आणि स्टँडवरची तळलेली वस्तू टाळावी. घरून उकळून गार केलेलं पाणी न्यावं. नंबर उशिरा येणार असेल तर पोट रिकामं ठेवून चार तास उभं राहण्यात अर्थ नाही. पिशवीत केळी, मुरमुरे किंवा राजगिऱ्याचे दोन लाडू असावेत आणि दर दीड-दोन तासांनी थोडंथोडं खावं. पण ओळीत पुढे सरकायला लागल्यावर, म्हणजे शेवटच्या तासाभरात, फक्त घोटभर पाणी. १६०० मीटर सहा मिनिटांच्या आसपास संपतात. तेवढ्यासाठी मैदानाच्या दारात ढोसलेलं ग्लुकोजचं पाणी काही कामाला येत नाही, ते फक्त शेवटच्या फेरीत वर येतं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन किंवा मुंबई मॅरेथॉनसारख्या २१ आणि ४२ किलोमीटरच्या शर्यतींचा हिशोब याच्या उलट असतो. तिथे वाटेत साखर घ्यावीच लागते, तासाला ३० ते ६० ग्रॅम, आणि आतड्याला त्याची सवय लावावी लागते. कोस्टा यांच्याच गटाने दाखवलं की दोन आठवडे धावताना ठरावीक साखर घेत राहिल्यावर धावपटूंच्या पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. आतड्यालाही सराव देता येतो, हे त्यातून कळलं. पण तो सराव घरच्या रस्त्यावर द्यायचा असतो, शर्यतीच्या दिवशी नाही.

तीन आठवडे वेळा पाळूनही फरक पडला नाही, तर त्रास निव्वळ धावेचा नसण्याची शक्यता वाढते. न धावण्याच्या दिवशीही जुलाब होणं, रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागणं, ताप, वजन उतरणं, शौचात रक्त किंवा काळी डांबरासारखी शौच, यांपैकी काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावं. गावाकडच्या पाण्यातून होणारी आमांश आणि जिआर्डियाची लागण धावणाऱ्यांनाही होते आणि ती साध्या शौच तपासणीत सापडू शकते. सोबत रक्तातलं हिमोग्लोबिनही पाहून घ्यावं. लांब धावणाऱ्यांत, विशेषतः मुलींमध्ये, आतड्यातून थोडंथोडं रक्त जाऊन ते घसरू शकतं. दम लवकर लागतो, वेळ सुधारत नाही, आणि त्याचं कारण सरावात शोधलं जात राहतं. डॉक्टरांना सांगताना 'पोट बिघडतं' एवढंच न सांगता किती वाजता काय खाल्लं आणि कितव्या किलोमीटरला कळ आली, ही तीन आठवड्यांची नोंद पुढे ठेवावी. त्यातून तपासण्यांची निवड सोपी होते.